शाकाहारी गरोदर बाईचं कोलिन: ताटात किती, गोळीत किती

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. पाचवा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंना घेऊन आहाराचा सल्ला विचारायला माझ्याकडे आली आणि तिने टेबलावर एक पिशवी ओतली. त्यातून तोंड आल्यावर लावायचं जेल, भूक लागायचं सिरप आणि सिटिकोलिनच्या गोळ्यांची एक पट्टी अशा तीन वस्तू बाहेर पडल्या. परदेशातल्या नणंदेने फोनवर सांगितलं होतं, "कोलिन घे, बाळाच्या मेंदूला लागतं." म्हणून नवऱ्याने तीन दुकानं फिरून 'कोलिन' मागितलं होतं आणि प्रत्येक दुकानदाराने नावात कोलिन असलेली वस्तू हातात ठेवली होती.

जेलमध्ये कोलिन सॅलिसिलेट असतं. ते दुखणं कमी करायचं औषध आहे, त्यातलं सॅलिसिलेट अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं, आणि गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नसतं. सिरपमध्ये ट्रायकोलिन सायट्रेटबरोबर सायप्रोहेप्टाडिन असतं. ते अ‍ॅलर्जीचं औषध, झोप आणणारं. सिटिकोलिन आपल्याकडे पक्षाघातानंतर लिहून देतात. पोषण म्हणून जे कोलिन हवं होतं ते यांतलं एकही नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरात अंडं चालत नाही ओ. मग पोरीने करायचं काय?" त्यांच्यासाठी जी आकडेमोड केली तीच खाली मांडते आहे. पहिलटकरणीने किंवा तिच्या घरच्यांनी ती कागद-पेन घेऊन करावी. आकडे साधारण आहेत, पाच-दहा मिलिग्रॅमवरून डोकं शिणवू नका.

पहिली पायरी: गाठायचं किती

कोलिन जीवनसत्त्वासारखंच असतं. आपलं यकृत थोडंफार बनवतं, पण गरजेपुरतं नाही, म्हणून उरलेलं जेवणातून यावं लागतं. त्याची कामं तीन. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, आणि बाळ म्हणजे नऊ महिने अखंड नव्या पेशींचं बांधकाम. मेंदू आणि स्नायूंमधले निरोप पोचवणारं एक रसायन त्यापासून बनतं. तिसरं काम फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ यांच्या जोडीने चालतं, त्याकडे पुढे येते.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ साली पहिल्यांदा कोलिनचा आकडा ठरवला. एरवी बाईला दिवसाला ४२५ मिलिग्रॅम, गरोदरपणी ४५०, अंगावर पाजताना ५५०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये गरोदर बाईसाठी ४८० आणि पाजणारीसाठी ५२० सांगितलं. आपण ४५० धरून चालू.

हा आकडा परीक्षेतल्या पासिंगच्या मार्कांसारखा नाही. एवढं खाल्लं तर बहुतेकांना पुरतं, असा तो अंदाज आहे. मुळात तो काढला तोही मुख्यतः पुरुषांवरच्या एका प्रयोगावरून. कोलिन नसलेलं अन्न दिल्यावर त्यांच्या यकृतावर परिणाम दिसला होता, आणि गरोदरपणासाठी त्यावर थोडी भर टाकली गेली. गरोदर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन वाढतं आणि ते यकृताला जास्त कोलिन बनवायला लावतं. मात्र काही बायकांच्या जनुकांमध्ये असा फरक असतो की त्यांच्या यकृताला हा इशारा नीट पोचत नाही. त्यामुळे एकीला ३०० मध्ये भागतं, दुसरीला भागत नाही. तुम्ही कुठल्या गटात हे नेहमीच्या रक्त-तपासणीत कळत नाही. रक्तातलं कोलिन शरीर फारसं खाली येऊ देत नाही, म्हणून ती तपासणी कोणी सांगितली तर पैसे वाचवा.

लक्षणांवरूनही ओळखता येत नाही. थकवा, चक्कर, विसराळूपणा यांचं खापर कोलिनवर फोडू नका. त्यासाठी आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड पाहायचं. उरतो एकच मार्ग, ताट मोजायचा.

दुसरी पायरी: एक दिवस जसा आहे तसा लिहून काढा

'चांगला' दिवस लिहू नका, कालचा लिहा. त्या मुलीने लिहिलेला दिवस असा होता. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन कप चहा, त्यात दीडशे मिली दूध गेलं असेल. नाश्त्याला बटाटा-शेंगदाणे घातलेले पोहे. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, ग्लासभर ताक. रात्री दोन पोळ्या, थोडा आमटी-भात. झोपताना पेलाभर दूध. सोलापूरच्या कुठल्याही शाकाहारी घरात असतं तसंच, आणि बऱ्यापैकी चांगलं जेवण.

आता मोजणी. दुधाच्या १०० मिलीत साधारण १४ मिलिग्रॅम कोलिन असतं, म्हणजे चहातलं २० आणि रात्रीच्या पेल्यातलं २८. पोह्यांत स्वतःचं फारसं नसतं, बटाटा आणि शेंगदाणे मिळून २० धरू. गव्हाच्या १०० ग्रॅम कणकेत ३० च्या आसपास असतं. ज्वारीलाही मी तेवढंच धरते, म्हणजे दोन भाकऱ्यांचे ३० आणि दोन पोळ्यांचे २०. मूग, मसूर किंवा हरभरा यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत ९५ ते १०० मिलिग्रॅम असतं. दुपारच्या वरणात तिच्या वाट्याला आलेली डाळ ३० ग्रॅम, म्हणून ३०. रात्रीच्या आमटी-भाताचे २३. चटणीतल्या वीस ग्रॅम शेंगदाण्यांचे १०, वांग्याचे १२, ताकाचे ८.

बेरीज २०१.

म्हणजे निम्मंही नाही. सासूबाईंना वाटलं मी त्यांच्या घराला नावं ठेवते आहे. तसं नव्हतं. अमेरिकेत अंडी आणि मांस खाणाऱ्या गरोदर बायकांतही बहुतेक जणी ४५० च्या खालीच असतात. शाकाहारी ताट दोनशे-अडीचशेला थांबतं, हे मला रोज दिसतं.

लोक भरवशाने खातात पण ज्यात कोलिन जवळपास नाही अशा गोष्टीही तेव्हाच सांगून टाकल्या. चमचाभर साजूक तुपात एखादा मिलिग्रॅम. दहा भिजवलेल्या बदामांत सहा, आणि तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांतही सहाच, ते पाचपट स्वस्त. शिजलेल्या भाताच्या वाटीत दोन-तीन. बदाम खाऊ नका असं नाही, पण मेंदूसाठी बदाम आणि त्याच मेंदूसाठी लागणारं कोलिन यांचा फारसा संबंध नाही.

तिसरी पायरी: भर कुठे टाकायची

शाकाहारी ताटात कोलिन वाढवायचं तर हाताशी तीनच मोठ्या गोष्टी आहेत. कडधान्यं, सोयाबीन, आणि फ्लॉवर-वाटाण्यासारख्या मोजक्या भाज्या. दूध-दही त्यांच्या खाली येतं. बाकी सगळी किरकोळ चिल्लर.

कडधान्याचं माप हातानेच ठरवा. मूठभर कोरडं कडधान्य म्हणजे साधारण ३० ते ४० ग्रॅम, म्हणजेच ३० ते ४० मिलिग्रॅम कोलिन. दिवसातून किती मुठी पोटात जातात तेवढंच पाहायचं. त्या मुलीच्या दोन जेवणांत मिळून दीड मूठही जात नव्हती, कारण वरण पातळ होतं. पोह्यांच्या जागी मोडाच्या मुगाची उसळ, ५० ग्रॅम कोरड्या मुगाची, ठेवली की नाश्त्याचे २० चे ५० होतात. गरोदरपणी मोड कच्चे खायचे नाहीत, उसळ शिजवूनच. चार वाजता फुटाणे, ४० ग्रॅम, आणखी ४०.

कोलिन पाण्यात उतरतं, म्हणून हरभरा किंवा मूग उकडलेलं पाणी ओतून देऊ नका. आपल्याकडे पुरणाच्या डाळीचा कट काढून आमटी करतात, ती चवीसाठीच करत असतील, पण हिशोबातही बसते. भिजवलेलं पाणी टाकलं तरी चालेल, त्याने पोट कमी फुगतं.

सोयाबीन आपल्या जिल्ह्यात, बार्शीच्या बाजूला तर भरपूर पिकतं, पण घरातल्या डब्यात क्वचित दिसतं. भाजलेल्या सोयाबीनच्या १०० ग्रॅममध्ये १२० च्या वर कोलिन आहे, शाकाहारात यापुढे सहज मिळणारं काही नाही. ४० ग्रॅम म्हणजे छोटी वाटी, ५० मिलिग्रॅम. कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खाऊ नका, त्यातला एक घटक प्रथिनांच्या पचनाला आडवा येतो. रात्रभर भिजवा, पाणी टाका, कुकरला उकडा, सुकवून मंद आचेवर खरपूस भाजा, वरून तिखट-मीठ. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयाबीन आणि गोळीमध्ये तीन-चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. बऱ्याच बायका दळणात सोयाबीन टाकतात. किलोभर गव्हात शंभर ग्रॅम टाकलं तर दोन-तीन पोळ्यांमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम वाढतं. वाईट काही नाही, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका.

भाज्यांत फ्लॉवर वेगळा काढावा असा आहे. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ४० च्या आसपास, म्हणजे भरलेल्या वाटीत ६०. हिरव्या वाटाण्यात १०० ग्रॅमला तीसेक. थंडीत दोन्ही स्वस्त असतात आणि एकत्र शिजतात. वांगं, दोडका, दुधी या बाबतीत मागेच. फ्लॉवर भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकायची सवय असेल तर सोडा, झाकण ठेवून वाफेवर करा.

त्या मुलीचा नवा दिवस असा ठरला: नाश्त्याला मूग उसळ, चारला फुटाणे, एका वेळी सोयाबीन, वांग्याऐवजी फ्लॉवर-वाटाणा, आणि दुपारी दह्याची एक वाटी जास्त, तिचे २३. म्हणजे आधीच्या दोनशेवर ३०, ४०, ५०, फ्लॉवरमुळे वाढलेले ४५ आणि हे २३. सगळं मिळून ३९० च्या जवळ.

कागदावर.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा सोयाबीन बंद झालं होतं, गॅस होत होता. फुटाणे चालले होते. उसळ आठवड्यातून चार दिवस होत होती. नवा हिशोब केला तर सरासरी ३२०-३३० निघाली. माझ्या मते हे छान होतं. दोनशेवरून सव्वातीनशे, तेही गोळीशिवाय, आणि बरोबर प्रथिनं आणि तंतू वाढले ते वेगळंच. गॅस होत असेल तर सोयाबीन एकदम वाटीभर सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात चमचाभर, मग दोन, असं चढवत न्या.

चौथी पायरी: अंडं, आणि त्याची मेख

ज्यांच्या घरात अंडं चालतं त्यांचं काम सोपं आहे. एका मोठ्या उकडलेल्या अंड्यात जवळजवळ १४७ मिलिग्रॅम. दोन अंडी म्हणजे २९४, म्हणजे वरचा सगळा खटाटोप एका नाश्त्यात. मेख ही की हे सगळं पिवळ्या बलकात असतं. पांढऱ्यात म्हणावं असं काहीच नाही. वजनाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या भीतीने बलक काढून ऑम्लेट खाणारी बाई प्रथिनं खाते, कोलिन टाकून देते. आणि गरोदरपणी अंडं पूर्ण शिजलेलं हवं, हाफ-फ्राय नाही.

काही घरांत मधला मार्ग निघतो, 'बाळंत होईपर्यंत चालेल' असा. कोणी तो काढला तर आनंदच, पण मी त्यासाठी कोणाच्या मागे लागत नाही. जिला अंडं घशाखाली उतरत नाही तिने ते डोळे मिटून खाल्लं आणि ओकून टाकलं तर हिशोबात शून्यच पडतं.

पाचवी पायरी: कोलिनच्या आधी बी-१२ आणि फॉलिक

फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि कोलिन ही तिघं एकाच कामाला हातभार लावतात. रक्तात साठणाऱ्या होमोसिस्टीन नावाच्या घटकाला परत उपयोगी रूपात आणायचं, हे ते काम. पहिली दोन कमी पडली की शरीर त्या कामावर जास्त कोलिन खर्च करतं. म्हणजे फॉलिकची गोळी चुकवणं ही कोलिनचीच उधळपट्टी आहे. आशाताई किंवा सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायला मिळणारी लोह-फॉलिकची गोळी (त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं) चालू असलीच पाहिजे, आणि ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. त्यात कोलिन नसतं. डॉक्टर लिहून देतात त्या गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनच्या बहुतेक गोळ्यांतही नसतं, असलं तर नाममात्र.

उलटही खरं आहे, कोलिन फॉलिकची जागा घेत नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत मिटते, म्हणून फॉलिक दिवस राहण्याआधीपासून हवं, कोलिनचा हिशोब जमो न जमो.

बी-१२ चं शाकाहारी घरात जरा जास्तच बघावं लागतं. ते फक्त प्राणिज पदार्थांतून येतं, म्हणजे आपल्याकडे दूध-दही. चहातल्या दुधावर ते भागत नाही. पुण्यात गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की आईचं फॉलिक भरपूर आणि बी-१२ कमी असेल तर पुढे मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण वाढतं. बी-१२ ची तपासणी होते आणि तिचा उपयोगही होतो. पैसे एकाच तपासणीला पुरणार असतील तर ती हीच.

सहावी पायरी: गोळी कधी

कोलिनची गोळी प्रत्येकीला हवी, असं मी म्हणत नाही. पुरावा अजून दोन बाजूंचा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांना रोज एकूण ४८० आणि काहींना ९३० मिलिग्रॅम कोलिन दिलं. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात जास्त कोलिनवाल्या आयांची बाळं नजरेने प्रतिसाद द्यायला वेगवान निघाली, आणि पुढच्या पाहणीत, सात वर्षांची झाल्यावर, त्यांचं लक्ष जास्त वेळ टिकताना दिसलं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्या अभ्यासात बायका सव्वीसच होत्या. त्याआधी २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात याहून मोठ्या गटाला पाचव्या महिन्याच्या सुमारापासून रोज ७५० मिलिग्रॅम जादा कोलिन दिलं होतं आणि दहा व बारा महिन्यांच्या बाळांत काही फरक दिसला नव्हता. म्हणून 'हुशार बाळासाठी' म्हणत हजार मिलिग्रॅम गिळायचं कारण मला दिसत नाही. कमतरता भरून काढायला गोळी घेणं मात्र पटतं.

मी तीन-चार परिस्थितींमध्ये डॉक्टरांशी बोलायला सांगते. पंधरा-वीस दिवस प्रामाणिक प्रयत्न करूनही जेवणातलं कोलिन २५० च्या वर जात नाही, तेव्हा. उलट्या किंवा जळजळ यांमुळे जेवणच निम्मं झालंय, तेव्हा. दूधही चालत नाही आणि अंडंही नाही, तेव्हा. किंवा जुळी बाळं असतील तेव्हा, कारण ओढ दुप्पट असते आणि पोटात जागा कमी. ३२०-३५० पर्यंत पोचणाऱ्या आणि नीट जेवणाऱ्या बाईला गोळी मी सुचवत नाही. तिने हवी म्हटली तर अडवतही नाही.

त्या मुलीला पाचव्या महिन्यात गोळी दिली नाही. आठव्या महिन्यात जळजळ इतकी वाढली की उसळ आणि फुटाणे दोन्ही बंद पडले. मोजलं तर पुन्हा २३० वर आलेली. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी रोजच्या जेवणासोबत एक कॅप्सूल लिहून दिली, त्यातून साधारण २०० मिलिग्रॅम कोलिन मिळत होतं. हेच प्रमाण मला योग्य वाटतं. तूट दोनशेची असेल तर दोनशेच भरायची.

सातवी पायरी: पाकिटावर काय वाचायचं

खरी फसगत इथे होते. पाकिटावर ठळक लिहिलेलं असतं 'कोलिन बायटार्ट्रेट ५०० मिलिग्रॅम'. त्या ५०० मधलं कोलिन साधारण ४१ टक्केच असतं, म्हणजे २०५. बाकीचा टार्टरिक आम्लाचा भाग. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'यातून मिळणारं कोलिन' असा आकडा असेल तर तोच धरायचा. नसेल तर ४१ टक्क्यांनी गुणायचं.

लेसिथिनच्या कॅप्सूलचं गणित याहून फसवं. सोयाबीनच्या लेसिथिनची १२०० मिलिग्रॅमची मोठी कॅप्सूल असते, पण तिच्यात कोलिन असलेला घटक पाव-एक भाग, आणि त्या घटकातही कोलिन १३ टक्के. शेवटी हाती लागतं तीस-चाळीस मिलिग्रॅम, एका मुठीतल्या हरभऱ्याइतकं. शिवाय या मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. अंडं न चालणाऱ्या घराला हे कोणी सांगत नाही. हिरवा ठिपका बघा आणि खाद्य-परवान्याचा नंबर छापलाय का तेही.

दुकानात नुसतं 'कोलिन' म्हणू नका, 'कोलिन बायटार्ट्रेट, गरोदर बाईसाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेलं' असं म्हणा आणि चिठ्ठी पुढे करा. सिटिकोलिन, अल्फा-जीपीसी, कोलिन सॅलिसिलेट, ट्रायकोलिन यांपैकी काही हातात आलं तर परत द्या.

गोळी जेवणासोबत घ्या, रिकाम्यापोटी मळमळतं. प्रौढ बाईसाठी दिवसाला ३५०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. दोनशेवाली तिच्या आसपासही जात नाही, पण दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांतली पूड आणि गोळ्या एकत्र चालू असतील तर बेरीज करा. जास्त झाल्याची खूण म्हणजे घामाला किंवा लघवीला माशासारखा वास, त्याबरोबर जास्त घाम, लाळ, जुलाब, रक्तदाब उतरून चक्कर. असं झालं तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. काही थोड्या लोकांना जन्मतःच असा वास येण्याचा विकार असतो, त्यांनी कोलिनची गोळी घ्यायचीच नाही. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, किंवा रक्तदाब मुळातच कमी राहत असेल, तर आपल्या मनाने सुरू करू नका.

आठवी पायरी: बाळंतपणानंतर, जिथे सगळेच विसरतात

गरज सगळ्यात जास्त असते ती पाजताना, ५५०, कारण दुधातून कोलिन बाळाकडे जात राहतं. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे बाळंतिणीचं ताट आक्रसतं. हरभरा वातूळ, वाटाणा वातूळ, फ्लॉवर बाळाला पोटात दुखवणारा, सोयाबीनचं तर नावच नको. उरतात तूप, खीर, डिंकाचे लाडू, मऊ भात. वर पाहिलंच आहे, तूप आणि भातात कोलिन किती ते.

त्या मुलीच्या सासूबाईंशी मी यावर वाद घातला नाही. बाळंतिणीला मुगाचं वरण चालतं ना, एवढंच विचारलं. "मूग चालतो की, मूग हलकाच आहे." मग मुगाचं वरण दोन्ही वेळा, पण पातळ पाणी नाही, तिच्या एकटीच्या वाट्याला दर वेळी मूठभर डाळ येईल असं दाट. मधल्या वेळी मुगाचं धिरडं. दूध तीन पेले, कारण बाळंतिणीला दूध द्यायला कोणीच नाही म्हणत नाही. तेवढ्यावर मूग आणि दूध मिळून पावणेदोनशे-दोनशे होतात, पोळी-भाजी धरून पावणेतीनशे. जी कॅप्सूल आठव्या महिन्यात सुरू झाली होती ती डॉक्टरांना विचारून तशीच चालू ठेवली आणि बाळाला तीन महिने पूर्ण होऊन घरातलं पथ्य सुटेपर्यंत बंद केली नाही. नंतर उसळ परत आली, सोयाबीनही, या वेळी चमचा-चमचा करत.

ती पिशवी मात्र अजून माझ्या कपाटात आहे. नव्या मुली आल्या की ती उघडून दाखवते. जेलची ट्यूब बघितल्यावर दर दोन-तीन जणींतली एक तरी म्हणते, "अय्या, हेच आमच्याकडेपण दिलंय!"